दोन गुंजा मेणाची अंगठी

मुंबईच्या झवेरी बाजारात एका अंगठीचे सगळे काम एकाच छपराखाली होईलच असे नाही. चित्र काढणारा एका माळ्यावर बसतो, मेणाचा नमुना दुसऱ्या गाळ्यात तयार होतो, ओतकाम तिसरीकडे, खडे बसवणारा चौथ्या जिन्यावर आणि पॉलिशवाला आणखी कुठेतरी. अंगठी प्लॅस्टिकच्या छोट्या पाकिटातून या हातातून त्या हातात फिरते. पाकिटावर एक चिठ्ठी असते आणि प्रत्येक टप्प्याला त्या चिठ्ठीवर वजन चढवले जाते: घेताना किती, देताना किती. ग्राहकाला दिसते ती शेवटची चकाकी. कारागिरांसाठी मात्र अंगठीची खरी गोष्ट या वजनांच्या ओळीत असते.

उदाहरणादाखल एक साध्या घडणीची अंगठी घ्यावी. अठरा कॅरेटचे पिवळे सोने, मधोमध अर्ध्या कॅरेटचा एकच गोल हिरा, त्याला धरणारी चार प्राँग आणि बोटाचे माप चौदा. भारतात चौदा माप म्हणजे आतल्या बाजूचा घेर चोपन्न मिलिमीटर, म्हणजेच साधारण १७.२ मिलिमीटर व्यास. मापाच्या आकड्यात चाळीस मिळवले की घेर निघतो. इतका सरळ हिशेब फार थोड्या देशांच्या मापपद्धतीत आहे.

चित्र काढणारा आधी हिरा मोजतो. अर्ध्या कॅरेटचा चांगल्या प्रमाणात कापलेला गोल हिरा सुमारे ५.२ मिलिमीटर रुंद आणि ३.१ मिलिमीटर खोल असतो. ही खोली कागदावर फारशी लक्षात येत नाही आणि नवख्याची फसगत इथेच होते. वरून काढलेल्या चित्रात हिरा बोटाला चिकटून बसलेला सुंदर दिसतो, पण त्याचे टोक खाली तीन मिलिमीटर उतरलेले असते. तेवढी जागा ठेवली नाही तर ते टोक बोटाला टोचते. म्हणून चित्र एक नसते, तीन असतात: वरून, समोरून आणि बाजूने. त्यातले बाजूचे सर्वांत महत्त्वाचे. खडा किती उंच बसेल, प्राँग कुठून फुटतील, कडे मागे किती जाड राहील, हे सगळे त्यातच ठरते.

मग येते मेण. हे मेणबत्तीचे मेण नव्हे. कोरण्यासाठी बनवलेले हे मेण इतके कडक असते की ते करवतीने कापता येते, कानशीने घासता येते आणि ड्रिलने त्याला भोकही पाडता येते. हिरवे सर्वांत कडक, निळे जरा लवचीक, जांभळे मधले, अशी त्याची रंगांवरून ओळख आहे. अंगठीसाठी ते आधीच नळीच्या आकारात मिळते. कारागीर त्या नळीची एक चकती कापतो, आतले भोक मापाच्या निमुळत्या सळईवर वाढवत नेतो आणि मग बाहेरून मेण काढत काढत कडे आणि डोके मोकळे करतो. जास्त निघाले तर गरम सुईने मेणाचा थेंब ठेवून ती जागा पुन्हा भरता येते. सोन्यात अशी मुभा नसते. म्हणूनच जाणता कारागीर मेणावर वेळ घालवायला कंटाळत नाही. मेणावरचा ओरखडा दोन मिनिटांत जातो, तोच ओरखडा सोन्यात उतरला की तो घालवायला सोने घासावे लागते आणि घासलेल्या सोन्याचा हिशेब द्यावा लागतो.

अलीकडे पुष्कळ नमुने हाताने कोरलेच जात नाहीत. संगणकावर आकृती तयार होते आणि छपाई यंत्र मेणासारख्या पदार्थाचे, मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतके पातळ थर एकावर एक चढवून नमुना उभा करते. बारीक जाळीकाम किंवा पन्नास खड्यांची सारखी रांग असेल तर यंत्राला तोड नाही. मात्र पडद्यावर काहीही बारीक करता येते आणि तिथेच धोका असतो. पडद्यावर अर्ध्या मिलिमीटरचे प्राँग नाजूक दिसते. ओतताना वितळलेले सोने त्या बारीक वाटेत शिरता शिरताच थिजते आणि प्राँग अर्धवट राहते. शिवाय पुढे घासण्यात आणि पॉलिशमध्ये प्राँग आणखी झिजायचे असते. म्हणून शेवटी एक मिलिमीटर जाडीचे प्राँग हवे असेल तर मेणात ते १.२ मिलिमीटर ठेवतात. आतल्या मापाचेही तसेच. आतून घासले की भोक वाढते, त्यामुळे चौदा मापाची अंगठी मेणात अर्ध्या मापाने लहान ठेवली जाते.

नमुना पुरा झाला की तो काट्यावर जातो. आपल्या उदाहरणातली मेणाची अंगठी भरते ०.२६ ग्रॅम. जुन्या हिशेबात दोन गुंजांहून थोडी जास्त. आता सोने किती लागेल, हे सोने हातात न घेताच सांगता येते. मेणाने व्यापलेली प्रत्येक जागा सोने व्यापणार आहे, तेव्हा फक्त दोघांच्या घनतेचे गुणोत्तर हवे. अठरा कॅरेटचे पिवळे सोने पाण्याच्या साडेपंधरा पट जड असते आणि मेण पाण्याहून थोडे हलके किंवा त्याच्याइतकेच. त्यामुळे मेणाच्या जातीनुसार वजनाला साडेपंधरा ते सोळाने गुणायचे. सोळाने गुणले तर उत्तर येते ४.१६ ग्रॅम.

हा सोळाचा आकडा फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर बाराव्या शतकात होऊन गेला. त्याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाच्या साच्यातून मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. आधी मेणाची मूर्ती, तिला मेणाच्याच नळ्या, वरून मातीचे लेप, मग तापवून मेण बाहेर आणि त्या पोकळीत धातू. या विधीला संस्कृतात ‘मधूच्छिष्टविधान’ म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मधमाश्यांचे मेण. धातू किती घ्यावा याचेही माप ग्रंथात आहे: चांदी मेणाच्या बारापट, सोने सोळापट. शुद्ध सोन्याला खरे तर विसाच्या आसपास गुणावे लागते, त्यामुळे ग्रंथातला आकडा शुद्ध सोन्याला कमी पडतो. अठरा कॅरेटच्या मिश्रणाला मात्र तो आजही नेमका बसतो. मूर्तिकारांची ही रीत दागिन्यांच्या कारखान्यात यंत्रांसह आली ती दंतवैद्यांमार्फत. अमेरिकेतले डॉ. विल्यम टॅगर्ट यांनी १९०७ मध्ये दातातली पोकळी भरण्यासाठी सोन्याचे अचूक तुकडे मेणावरून ओतण्याची आपली पद्धत मांडली. दातात बसणारा तुकडा केसभरही चुकून चालत नाही. त्या अचूकतेचा फायदा पुढे सोनारांनी उचलला.

एकच अंगठी हवी असेल तर हा मेणाचा नमुना सरळ ओतायला जातो आणि जळून नाहीसा होतो. शेकडो हव्या असतील तर आधी एक धातूची प्रत करून तिच्याभोवती रबराचा साचा घेतात, तो चिरून दोन भागांत उघडतात आणि त्यात दाबाने गरम मेण भरून हव्या तितक्या प्रती काढतात. रबराच्या साच्याच्या या युक्तीवर जुंगरसेन नावाच्या संशोधकाने पेटंट मिळवले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४९ मध्ये ते रद्द ठरवले. सोळाव्या शतकातला इटालियन सोनार चेल्लिनी याने मेणाच्या ओतकामाचे केलेले वर्णन त्या खटल्यात विचारात घेतले गेले होते. अंधेरीच्या ‘सीप्झ’मधून निर्यात होणाऱ्या दागिन्यांपासून गल्लीतल्या छोट्या कारखान्यापर्यंत आज ही पद्धत सर्रास चालते.

आता ज्या पायरीकडे ग्राहकाचे कधीच लक्ष जात नाही, पण जिच्यावर अंगठीचे नशीब ठरते, ती पायरी. मेणाच्या अंगठीला मेणाचीच एक दांडी चिकटवतात. कारखान्यात तिला स्प्रू म्हणतात. याच वाटेने मेण बाहेर पडणार आणि सोने आत येणार. अनेक अंगठ्या अशा दांड्यांनी मेणाच्या एका खोडाला तिरप्या जोडल्या की त्याचे ‘झाड’ होते. दिसायला ते काम किरकोळ वाटते. चिकटवायचे आणि मोकळे व्हायचे, असा अनेक शिकाऊंचा समज असतो.

प्रत्यक्षात दांडी कुठे लावली आणि किती जाड ठेवली, याला फार अर्थ आहे. वितळलेले सोने थिजताना आकसते. जो भाग आधी थिजतो तो आपली तूट शेजारच्या अजून पातळ असलेल्या सोन्यातून भरून घेतो. सर्वांत शेवटी थिजणाऱ्या भागाला मात्र कुठून तरी सोने मिळायला हवे, नाहीतर त्याच्या पोटात बारीक पोकळ्या राहतात. जाड भाग उशिरा थिजतो हे उघड आहे. म्हणून दांडी जाड भागाला लावावी आणि ती त्या भागापेक्षा बारीक नसावी, म्हणजे ती शेवटपर्यंत पातळ राहून सोने पुरवत राहील.

आपल्या अंगठीत नेमकी इथेच अडचण आहे. हिरा बसवण्याचे डोके भरीव आणि जड आहे, तर कडे मागे सडपातळ. सवयीने दांडी कड्याच्या मागच्या बाजूला लावतात, कारण तिथली खूण घासून काढणे सोपे जाते. पण मग सोने दांडीतून शिरते, सडपातळ कड्यातून दोन्ही बाजूंनी फिरत वर डोक्यापर्यंत पोचते आणि कडे आधी थिजते. डोक्याची वाट बंद. आता डोके आकसत राहते आणि त्याला सोने मिळत नाही. प्राँगच्या मुळाशी, म्हणजे जिथे ताकद सर्वाधिक हवी तिथेच, स्पंजासारखी जागा तयार होते. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून जाणकार माणूस मागच्या दांडीबरोबर आणखी एक जाड दांडी थेट डोक्याच्या कुशीला देतो, किंवा एकाच दांडीला दोन फाटे फोडून दोन्हीकडे नेतो. घासायची एक खूण वाढते, सोनेही थोडे जास्त गुंतते. पण अंगठी वाचते.

झाड तयार झाले की ते धातूच्या नळकांड्यात उभे करून त्यावर पांढऱ्या भुकटीचे पाणी घातलेले मिश्रण ओततात. भुकटी म्हणजे जिप्सम आणि सिलिका. जिप्सम बांधून ठेवते, सिलिका उष्णता सोसते आणि तापल्यावर फुगून सोन्याच्या आकसण्याची काही भरपाई करते. प्रमाण शंभर भाग भुकटीला वजनाने चाळीस भाग पाणी, एखाद-दोन भाग इकडेतिकडे. मिश्रण इडलीच्या पिठासारखे ओतता येईल इतके सैल हवे आणि आठ-नऊ मिनिटांत कालवणे, ओतणे, हवा काढणे सगळे आटपायला हवे. हवा काढण्यासाठी नळकांडे निर्वात पंपाखाली ठेवतात. मिश्रण खळखळून वर येते, बुडबुडे फुटतात. ही पायरी घाईत उरकली तर मेणाला चिकटलेला प्रत्येक बुडबुडा पुढे सोन्याचा बारीक मणी होऊन अंगठीवर उगवतो. सपाट जागेवरचा मणी कानशीने उडवता येतो. नक्षीच्या खोबणीतला किंवा दोन प्राँगांच्या मधला मणी काढताना कारागिराचा जीव मेटाकुटीला येतो.

घट्ट झालेली नळकांडी भट्टीत जातात ती रात्रभर. आधी दीडशे अंशांच्या आसपास बराच वेळ, म्हणजे आतले पाणी हळूहळू निघेल. एकदम तापवले तर वाफ साच्याला तडे पाडते आणि त्या तड्यांत सोने शिरून अंगठीला पंख फुटतात. मेण वितळून बहुतेक बाहेर पडते, पण जे साच्याच्या भिंतीत मुरलेले असते ते जाळूनच काढावे लागते. त्यासाठी उष्णता सातशे तीस अंशांपर्यंत नेतात आणि काही तास तिथेच ठेवतात. त्याहून फार वर जाण्याची सोय नाही. जिप्सम पुढे विघटित होऊ लागते, आणि मेणाचा कोळसा उरलेला असेल तर लवकरच. त्यातून गंधकाचा वायू सुटतो आणि तो थेट सोन्यात बुडबुडे करतो. प्लॅटिनम सतराशे अंशांच्या वर वितळते, म्हणून त्याच्यासाठी हा साचा चालतच नाही, फॉस्फेटने बांधलेला वेगळा साचा लागतो. सोन्याच्या साच्यातले मेण पुरते जळाले की भट्टी पुन्हा पाचशे-सहाशे अंशांपर्यंत उतरवतात. नाजूक नक्षीला साचा जास्त गरम हवा, जाड अंगठीला कमी.

दुसरीकडे मुशीत सोने वितळत असते. अठरा कॅरेट म्हणजे हजारात साडेसातशे भाग सोने. उरलेले अडीचशे भाग चांदी आणि तांबे निम्मे निम्मे घेतले तर नेहमीचा पिवळा रंग येतो, तांबे वाढवले तर गुलाबी झाक. शुद्ध सोने १०६४ अंशांना वितळते, हे मिश्रण नऊशेच्या थोडे अलीकडेच. ओतताना ते त्याहून सुमारे शंभर अंश जास्त तापलेले असते. ओतण्याच्या दोन रीती आहेत. एकीत मूस आणि साचा फिरकीवर बसवून गरगर फिरवतात आणि सोने त्या वेगाने साच्यात फेकले जाते. दुसरीत साच्याच्या खालून हवा ओढून घेतात आणि सोने वरून आत खेचले जाते. दोन्हींत प्रत्यक्ष भरणे काही क्षणांत संपते. दोन दिवसांची तयारी या क्षणांसाठी केलेली असते आणि ते चुकले तर पुन्हा मेणापासून सुरुवात.

दहा-पंधरा मिनिटांनी नळकांडे पाण्यात बुडवले की गरम साचा फसफसत फुटतो आणि काळपट झाड बाहेर येते. ते सोने आहे यावर पाहणाऱ्याचा चटकन विश्वास बसत नाही. वरचा काळा थर तांब्याचा. सौम्य आम्लात ठेवले की तो जातो आणि खाली निस्तेज, किंचित खरखरीत पिवळेपणा दिसतो. मग अंगठ्या झाडावरून कापून घेतात. खोड आणि दांड्या परत मुशीत जातात, पण पुढच्या ओतकामात नवे सोने निदान निम्मे तरी मिसळून. तेच सोने पुन्हा पुन्हा वितळवले तर त्यात ऑक्साइड आणि कचरा साठतो आणि ओतीव काम ठिसूळ होऊ लागते.

आतली पोकळी या टप्प्यावर ओळखता येते का? काही अंशी. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून दांडीच्या कापलेल्या जागेकडे पाहतात. तिथे बारीक टोचे दिसले तर आत आणखी असण्याचा संशय घ्यायचा. दुसरी परीक्षा वजनाची. अंगठी आधी हवेत आणि मग पाण्यात टांगून तोलली की घनता निघते. ती साडेपंधराच्या बरीच खाली आली तर आत हवा आहे. मात्र चार ग्रॅमच्या वस्तूत एखादी छोटी पोकळी या परीक्षेत निसटते. खरा निकाल शेवटी पॉलिशच्या चाकावर लागतो. वरचा पातळ थर झिजला की दडलेले टोचे उघडे पडतात आणि चाकाच्या दिशेने प्रत्येक टोच्यामागे एक बारीक शेपूट ओढली जाते. पॉलिशवाल्याच्या हातात दिसलेला दोष बहुधा त्याचा नसतो. तो दांडी लावणाऱ्याचा किंवा भट्टीवाल्याचा असतो. दरम्यान हिरा बसवून झालेला असेल तर डोकेदुखी दुप्पट. एकट-दुकट टोचा लेसरने भरता येतो. प्राँगच्या मुळाशी स्पंज असेल तर अंगठी वितळवणे हाच प्रामाणिक उपाय.

आपली अंगठी सुदैवाने घट्ट निघाली आहे. चिठ्ठीवर आकडा पडतो ४.१६ ग्रॅम. दांड्यांच्या गाठी कापून, कानस आणि मग बारीक होत जाणारा पॉलिश-कागद फिरवून, सळईवर हलके ठोकून तिला नीट गोल केले जाते. वजन उतरते ३.९० वर. कमी झालेले सोने कारागिराच्या मांडीवरच्या चामड्यावर किंवा बाकाच्या खणात पडलेले असते. डोक्याच्या आतली बाजू, जिथे हिरा बसल्यावर कुणाचा ब्रशही पोचणार नाही, ती याच वेळी पॉलिश-पेस्ट लावलेल्या दोऱ्याने घासून चमकवतात. हे काम टाळलेल्या अंगठीतला हिरा कायम थोडा मळका दिसतो, कारण त्याच्या पोटाशी काळपट सोने असते.

खडे बसवणारा अंगठी मऊ लाखेत किंवा पकडीत घट्ट धरतो. चारही प्राँगच्या आतल्या बाजूला तो फिरत्या पात्याने एकाच उंचीवर खाच पाडतो. हिऱ्याची कड टेकेल ती ही बैठक. खाच प्राँगच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून फार खोल जाऊ नये, निम्म्यापर्यंत गेली की प्राँग वाकवताना तुटण्याची भीती. चारांपैकी एक खाच केसभर वर असेल तर हिरा तिरका बसतो आणि हे वरून नव्हे, बाजूने पाहिल्यावर कळते. हिरा बैठकीवर ठेवून तो प्राँग समोरासमोर जोडीने थोडे थोडे दाबत जातो, एकच प्राँग एकदम पुरे दाबत नाही. हिरा सर्वांत कठीण असला तरी तो अभंग नाही. त्याच्या पातळ कडेवर प्राँगचा दाब एकाच बिंदूत आला तर टवका उडतो. पाचूच्या बाबतीत तर सगळे काम जपूनच, कारण त्याच्या पोटात जन्मजात भेगा असतात. शेवटी वाटीसारख्या पोकळ तोंडाच्या पात्याने प्रत्येक प्राँगचे टोक गोल करतात.

हे काम कसे झाले याची परीक्षा घरीही करता येते. अंगठी कानाजवळ धरून बोटाने हळूच टिचकी मारावी. खडा सैल असेल तर बारीक खुळखुळ ऐकू येते. मग लोकरीचा किंवा सुती कपडा प्राँगवरून फिरवावा. धागा अडकला तर टोक नीट टेकलेले नाही आणि ते आज धाग्याला अडकले तसे उद्या केसांना, शालीला अडकून हळूहळू उचलले जाणार आहे.

उरते ती चकाकी. पॉलिश म्हणजे वरून काहीतरी लावणे असा समज आहे. मुळात ते काढणे आहे. आधी तपकिरी ट्रिपोली पेस्ट लावलेल्या बफवर कागदाचे ओरखडे जातात. मग अंगठी स्वच्छ धुऊन, वेगळ्या मऊ बफवर लाल रूजने, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडच्या अतिबारीक भुकटीने, आरसा येतो. मधले धुणे टाळून चालत नाही. ट्रिपोलीचा एखादा कण रूजच्या बफवर गेला की चकाकीत पुन्हा ओरखडे उठतात. पॉलिशवाल्याचे कसब थांबण्यात आहे. चाकावर जरा जास्त वेळ गेला की धारदार कडा बोथट होतात, नक्षी पुसट होते आणि प्राँगची टोके पातळ होतात. अंगठी दुकानात अधिकच चमकते, पण तिचे आयुष्य कमी झालेले असते. बाजूने पाहिल्यावर कडा स्पष्ट आहेत का आणि चारही प्राँग सारख्या जाडीची आहेत का, हे चकाकीपेक्षा आधी पाहावे. शेवटी गरम साबणपाण्यात ध्वनिलहरींच्या यंत्राने पेस्ट धुऊन काढतात. हिऱ्याला ते सोसते. पाचूच्या भेगा तेलाने भरलेल्या असतात, ते तेल या यंत्रात निघून जाऊ शकते, म्हणून पाचूची अंगठी हातानेच धुतात.

आता चिठ्ठीचा शेवट. खाचा पाडण्यात दोन सेंटिग्रॅम गेले, पॉलिशमध्ये दहा. ३.९० चे झाले ३.७८. ओतून आलेल्या ४.१६ ग्रॅममधून अडतीस सेंटिग्रॅम, म्हणजे नऊ टक्के, वाटेत उतरले. त्यात अर्ध्या कॅरेटचा हिरा मिळवायचा. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, तेव्हा हिऱ्याचे वजन ०.१ ग्रॅम आणि अंगठी भरली ३.८८. बिलावर एकूण वजन ३.८८ आणि सोन्याचे निव्वळ वजन ३.७८ असे दोन वेगळे आकडे दिसायला हवेत. सोन्याचा भाव दुसऱ्या आकड्यालाच लागतो.

वाटेत उतरलेले अडतीस सेंटिग्रॅम नाहीसे झालेले नसतात. कानशीचा चुरा थेट गोळा होतो. पॉलिशची धूळ यंत्रामागच्या पेटीत शोषली जाते. हात धुतलेले पाणी, जमिनीचा केर, जुने पॉलिश-कागद आणि झिजलेले बफही साठवून ठेवतात आणि जाळून, गाळून त्यातले सोने काढतात. मराठीत या धंद्यातल्या माणसाला झारेकरी म्हणतात. झवेरी बाजारात तर गटारातली माती घमेल्यात घोळून कण शोधणारे घमेलावालेही आहेत. यातून बहुतेक सोने परत मिळते, पण ते शुद्ध करून पुन्हा वापरात येईपर्यंत वेळ आणि खर्च लागतो, आणि थोडे खरोखरच जाते. घडणावळीत मजुरीबरोबर ही तूट धरलेली असते. घडणावळ टक्क्यांत सांगितली जात असेल तर तूट त्यातच आहे की वेगळी लावली आहे, हे ग्राहकाने सरळ विचारावे. नीट ओतलेल्या साध्या अंगठीत वेगळी मोठी तूट लावण्याचे कारण सराफाला सांगता आले पाहिजे.

विक्रीपूर्वी अंगठी हॉलमार्क केंद्रावर जाते. १ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या सोन्याच्या दागिन्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असावा लागतो. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्यांना यातून सूट आहे. आपल्या अंगठीच्या आत लेसरने कोरलेले १८ कॅरेट आणि ७५० हे आकडे भिंगातून वाचता येतात आणि एचयूआयडी क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तपासता येतो.

वापरात आल्यावर अंगठीचे माप बदलायची वेळ आलीच तर साध्या कड्याच्या अंगठीत एक-दोन मापांची वाढ-घट कापून आणि डाख देऊन सहज होते. त्याहून जास्त वाढवले तर डोक्याखालचे कडे ताणले जाते, प्राँग बाहेर फाकतात आणि हिरा सैल होतो. रोज वापरातल्या अंगठीची प्राँग वर्षातून एकदा सराफाकडून भिंगाखाली पाहून घ्यावीत. झिजलेल्या टोकावर सोने चढवून घेणे हे तासाभराचे काम असते.